आज घेतलेल्या पाटल्या उद्या मोडल्या तर किती येतील?

सोन्याच्या दुकानाचा व्हिडिओ बघणाऱ्या माणसाच्या मनात खरं तर एकच प्रश्न असतो. आज मी जेवढे पैसे मोजले, त्यातले किती उद्या हाच दागिना मोडायला आणला तर परत मिळतील? हॉलमार्क, घडणावळ आणि बायबॅक हे या एकाच प्रश्नाचे पोटप्रश्न आहेत. दुकानं मात्र त्यांचे तीन वेगळे व्हिडिओ काढतात आणि तिन्हींत टक्के सांगतात. ९१.६ टक्के शुद्धता, १२ टक्के मेकिंग, ९७ टक्के बायबॅक. हे टक्के नेमके कशाचे, ते सांगायचं राहून जातं आणि बघणारा आपल्या सोयीने अर्थ लावतो. ९७ टक्के बायबॅक ऐकून बहुतेकांना वाटतं की बिलाच्या रकमेतले शंभराला ९७ परत येणार. तसं ते नसतं.

इंदूरच्या सराफ्यातल्या एका पेढीसाठी मी अशा व्हिडिओंच्या संहिता लिहितो. तिथे माझा हट्ट असा की सगळ्या व्हिडिओत दागिना एकच असावा, आणि टक्का उच्चारला की पुढच्याच वाक्यात त्याचे रुपये यावेत. दागिना म्हणून मी पाटल्यांची जोडी घेतो, वजन २० ग्रॅम. पाटल्यांना खडे नसतात, दोरा नसतो, त्यामुळे वजनाचा गुंता मध्ये येत नाही. शिवाय आपल्या घरांत त्या केल्याही जातात आणि अडीनडीला मोडल्याही जातात. भाव धरायचा २२ कॅरेटचा, ग्रॅमला १०,००० रुपये. हा आजचा भाव नाही, हिशेब सोपा जावा म्हणून धरलेला आकडा आहे, हे तोंडाने सांगायचं आणि पडद्यावरही लिहायचं. नाहीतर गुरुपुष्यामृताच्या दिवशी कोणीतरी मोबाईल पुढे करून त्याच भावाने सोनं मागतं, आणि त्यात त्या बिचाऱ्याची काही चूक नसते.

सुरुवात पाटलीच्या आतल्या बाजूपासून होते.

(दृश्य: पाटलीची आतली बाजू, भिंगातून.)

दुकानदार: काकू, या तीन खुणा बघा. हा त्रिकोणी शिक्का भारतीय मानक ब्यूरोचा. त्याच्या शेजारी 22K916, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. उरलेले ८४ भाग तांबं-चांदीसारख्या धातूंचे, पाटली टणक राहावी म्हणून. आणि हा सहा अक्षर-आकड्यांचा नंबर फक्त या पाटलीचा.

काकू: फक्त हिचा? आणि जोडीतल्या दुसरीचा?

दुकानदार: तिचा वेगळा. प्रत्येक डाग स्वतंत्र नोंदला जातो.

या सहा अक्षरी नंबराला एचयूआयडी म्हणतात. तो १ जुलै २०२१ पासून आला, आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तो असल्याशिवाय दुकानदाराला दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमपेक्षा हलके डाग आणि कुंदन, पोलकी, जडाऊ काम यांना हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे. एवढं सांगून इथे थांबायचं. कायद्याचा इतिहास सुरू झाला की बघणारा पुढच्या व्हिडिओकडे सरकतो.

त्यापेक्षा नंबर तपासून दाखवावा. मोबाईलवर BIS Care हे अ‍ॅप उघडायचं, त्यातलं Verify HUID दाबायचं आणि सहा अक्षरं टाकायची. डाग कोणत्या प्रकारचा आहे, शुद्धता किती, तपासणी कोणत्या केंद्रात झाली आणि कोणत्या सराफाने ती करून घेतली, हे पडद्यावर येतं. इथे बघणाऱ्याचा एक हमखास गोंधळ होतो. अ‍ॅपमध्ये सराफाचं नाव दुकानाच्या पाटीपेक्षा वेगळं दिसतं आणि लोकांना फसवणूक झाल्यासारखं वाटतं. पुष्कळदा माल घाऊक व्यापाऱ्याकडून आलेला असतो आणि हॉलमार्क त्यानेच करून घेतलेला असतो, म्हणून नाव त्याचं येतं. हे दुकानदाराने विचारायच्या आधीच सांगून टाकलेलं बरं. नाव वेगळं असणं हा दोष नाही. दागिन्याचा प्रकार वेगळा असणं हा मात्र दोष आहे. हातात पाटली आहे आणि अ‍ॅप ‘अंगठी’ सांगतं आहे, तर तो नंबर दुसऱ्या कुठल्या तरी डागावरून उचललेला असण्याची शक्यता मोठी. अशी पाटली घेऊ नये. हाच धोका ओळखून आम्ही शूटिंगच्या वेळी नंबराची शेवटची दोन अक्षरं झाकतो.

नंबर इतका बारीक कोरलेला असतो की नुसत्या डोळ्यांनी तो वाचता येत नाही. दुकानात किमान दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवणं बंधनकारक आहे, आणि ते मागायला लाजू नये. संहितेत भिंग काकूच मागतात, दुकानदार आपणहून देत नाही. हे मुद्दाम तसं लिहिलं आहे. व्हिडिओत बाईने भिंग मागितलेलं बघितलं की खऱ्या गिऱ्हाइकालाही ते मागणं सोपं जातं.

हॉलमार्कचा खर्च एका डागाला ४५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. दोन पाटल्यांचे मिळून १०६ रुपये २० पैसे. अंगठी असो की पाच तोळ्यांचा हार, दर डागामागे तेवढाच. म्हणून ‘हॉलमार्कचं आहे, त्यामुळे थोडं महाग पडेल’ असं कोणी म्हणालं, तर ते ‘थोडं’ एका डागाला साठ रुपयांच्याही आत असायला हवं. आणि हॉलमार्क फक्त शुद्धता सांगतो. वजन बरोबर आहे का, घडणावळ वाजवी आहे का, परत घेताना काय भाव मिळेल, यातलं काहीही तो सांगत नाही. हे वाक्य पेढीवाल्यांना आवडत नाही, पण मी ते काढू देत नाही.

आता घडणावळ. हिलाच कोणी मजुरी म्हणतं, कोणी मेकिंग, आणि आपल्याकडे हिंदीतून बनवाईही चालतं. व्हिडिओत एकच शब्द पकडावा आणि शेवटपर्यंत तोच ठेवावा.

आमच्या पाटल्यांचं बिल असं होतं. सोन्याची किंमत २० ग्रॅमला १०,००० प्रमाणे २,००,००० रुपये. घडणावळ १२ टक्के, म्हणजे २४,०००. बेरीज २,२४,०००. त्यावर ३ टक्के जीएसटी ६,७२०. हॉलमार्कचे १०६. एकूण २,३०,८२६ रुपये, पैसे सोडून. पडद्यावर हे आकडे एकामागून एक यावेत, सगळे एकदम नकोत, आणि बेरीज दुकानदाराने कागदावर पेनाने करावी. छापील बिल कॅमेऱ्यासमोर धरलं तर कोणी वाचत नाही. हाताने मांडलेला हिशेब मात्र लोक शेवटपर्यंत बघतात. का, ते मला सांगता येणार नाही, पण बघतात.

घडणावळीत अडचण अशी आहे की १२ टक्के हे सोन्याच्या किमतीचे टक्के आहेत, कारागिराच्या कामाचे नाहीत. भाव ग्रॅमला ५,००० असताना याच पाटल्यांची घडणावळ १२,००० झाली असती. १०,००० भावाला ती २४,००० होते. कारागीर तोच, घाट तोच, भट्टीही तीच. दुप्पट झाला तो फक्त भाव. म्हणून दोन दुकानांची तुलना करताना टक्के बाजूला ठेवावेत आणि विचारावं, ‘ग्रॅममागे घडणावळ किती रुपये?’ आपल्या पाटल्यांना ती १,२०० आहे. काही दुकानं घडणावळ मुळातच ग्रॅमवर लावतात, काही टक्क्यांवर. दोन्ही चालतं, फक्त तुलना एकाच मापाने करायची.

मग येते ‘घट’. घडवताना सोन्याचा कीस पडतो, डाक लावताना, पॉलिश करताना थोडं सोनं जातं, ती ही घट. काही ठिकाणी घट ४ टक्के आणि मजुरी ८ टक्के अशी वेगवेगळी लावतात. गिऱ्हाइकाला वाटतं मजुरी ८ टक्केच आहे, स्वस्त आहे. बेरीज शेवटी १२ च. कारखान्यात पडलेला कीस झाडून, धुऊन, गाळून पुन्हा वापरात येतो, त्यामुळे प्रत्यक्षात वाया जाणारं सोनं बिलातल्या घटीपेक्षा कमी असतं. घट लावणं बेकायदेशीर आहे असं मी म्हणत नाही, पण ती मजुरीत मिळवूनच आकडा विचारावा.

सवलतीच्या जाहिरातीवर व्हिडिओचं एक मिनिट खर्च करायला हरकत नाही, कारण दसरा-धनत्रयोदशीला लोक सगळ्यात जास्त तिथेच फसतात. संहितेतला हा भाग असा आहे:

काकू: पण अहो, राजवाड्याच्या बाजूला एकाने घडणावळीवर चाळीस टक्के सूट लावली आहे.

दुकानदार: छान आहे की. पण मूळ घडणावळ किती होती?

काकू: अठरा टक्के.

दुकानदार: अठरावर चाळीस टक्के सूट म्हणजे राहिली दहा पॉइंट आठ. आणि भाव काय लावतात?

काकू: ग्रॅमला दहा हजार दीडशे.

दुकानदार: करा हिशेब. सोनं दोन लाख तीन हजार. घडणावळ एकवीस हजार नऊशे चोवीस. झाले दोन लाख चोवीस हजार नऊशे चोवीस. आमचे दोन लाख चोवीस हजार. सूट तिकडे आहे, आणि नऊशे चोवीस रुपये जास्तही तिकडेच.

(दृश्य: काकू कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढून पुन्हा करून बघतात.)

काकूंनी आकडे स्वतः दाबून बघणं इथे महत्त्वाचं आहे. दुकानदाराने सांगितलेल्या हिशेबावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

खडे, काळे मणी, मीनाकाम असलेल्या दागिन्यांसाठी वेगळा छोटा व्हिडिओ असावा. मुख्य व्हिडिओत त्यातली एकच गोष्ट घ्यावी. मंगळसूत्र काट्यावर १८.४ ग्रॅम भरलं आणि त्यात काळे मणी-दोरा ३.१ ग्रॅम असेल, तर सोनं १५.३ ग्रॅमचं. सोन्याचे पैसे तेवढ्याचेच द्यायचे. ३.१ ग्रॅमही सोन्याच्या भावाने मोजले गेले तर ३१,००० रुपये मण्यांना गेले, आणि मोडताना ते मणी वजनातून आधी काढले जाणार. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलावर सोन्याचं निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्कचा खर्च वेगवेगळा लिहिलेला असायलाच हवा. नुसतं ‘मंगळसूत्र १ नग’ आणि एक रक्कम असं बिल घेऊन घरी जाऊ नये.

आता मूळ प्रश्नाकडे. भाव एक रुपयाही हलला नाही आणि काकू दुसऱ्याच दिवशी पाटल्या घेऊन परत आल्या, असं समजू.

काकू: काल दोन लाख तीस हजार आठशे सव्वीस दिले. आता परत घ्या म्हटलं तर?

दुकानदार: बदल्यात दुसरा दागिना घेणार की पैसे हवेत?

काकू: दोन्ही सांगा.

दुकानदार: दागिना घ्याल तर सोन्याची पूर्ण किंमत धरतो, दोन लाख. पैसे हवे असतील तर तीन टक्के वजा, एक लाख चौऱ्याण्णव हजार. बँकेत जमा करतो.

काकू: आणि बाकीचे?

दुकानदार: घडणावळ, जीएसटी आणि हॉलमार्कचा खर्च परत येत नाहीत, काकू. घडणावळ कारागिराला गेली, कर सरकारला गेला.

‘९७ टक्के बायबॅक’ म्हणतात ते हे असं. ९७ टक्के सोन्याच्या किमतीचे, बिलाचे नव्हेत. बिलाच्या हिशेबाने बघितलं तर ते ८४ टक्के पडतात. दोन्ही आकडे खरे आहेत, पण पहिला पाटीवर असतो आणि दुसरा घरी गेल्यावर कळतो. फरक ३६,८२६ रुपयांचा. हा आकडा पडद्यावर मोठ्या अक्षरांत आणायला पेढीवाल्यांचा विरोध होता. त्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक घाबरेल. माझं म्हणणं, गिऱ्हाईक हा आकडा दुकानात ऐकून घाबरतं, तेव्हा ते मोडायला आलेलं असतं, गरजेत असतं आणि सगळ्यांसमोर भांडतं. शेवटी आकडा राहिला, त्याच्याखाली एक ओळ जोडली: भाव ग्रॅमला ११,९०० च्या आसपास गेला की पैसे घेऊन मोडतानाही काकूंची आजची पूर्ण रक्कम सुटते. म्हणजे भाव १९ टक्के चढावा लागतो. लग्नासाठी, अंगावर घालायला पाटल्या घेणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. गुंतवणूक म्हणून वर्षभरासाठी पाटल्या घेणाऱ्याला मात्र पडतो. त्याला वळं किंवा नाणं दाखवावं, तिथे घडणावळ खूप कमी असते. पेढीचा नफाही कमी होतो, पण असं खरं सांगितलेलं गिऱ्हाईक पुढच्या लग्नाला परत येतं.

बायबॅकच्या अटींत आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्या लागतात. पहिली, हिशेब कोणत्या भावाने होणार? मोडायच्या दिवशीच्या भावाने, हे ठीक. पण दुकानाचा विकायचा भाव आणि घ्यायचा भाव वेगळा असू शकतो. ‘काहीही कपात नाही’ म्हणणारं दुकान घ्यायचा भावच ग्रॅमला दोनशेने कमी धरत असेल, तर २० ग्रॅमला ४,००० गेलेच. दुसरी, अट फक्त त्याच दुकानातून घेतलेल्या मालाला लागू आहे की कुठल्याही हॉलमार्क दागिन्याला? बाहेरच्या मालाची कपात सहसा जास्त असते. तिसरी, मूळ बिल लागतं का? लागत असेल तर बिलाचा फोटो काढून ठेवावा, कारण त्या कागदाची शाई काही वर्षांत उडते.

बदलून घेतानाही एक जागा अशी आहे जिथे लोक अडखळतात. काकूंनी जुन्या पाटल्यांचे २ लाख जमा करून ३ लाखांचा हार घेतला, तर जीएसटी वरच्या एका लाखावर लागत नाही, पूर्ण ३ लाखांवर लागतो, म्हणजे ९,००० रुपये. जुनं सोनं हा पैसे देण्याचा एक प्रकार धरला जातो, नव्या दागिन्याची किंमत त्याने कमी होत नाही. दुकानदार इथे काही लपवत नसतो, पण आधी सांगत नाही आणि मग वाद होतो.

आईच्या, आजीच्या जुन्या दागिन्यांवर काहीच खूण नसते, किंवा २०२१ च्या आधीचा एचयूआयडी नसलेला हॉलमार्क असतो. ते घरात ठेवायला किंवा मोडायला काही अडचण नाही. सक्ती विकणाऱ्या दुकानदारावर आहे. अशा डागाची शुद्धता दुकानात सहसा कॅरेट मीटरवर बघतात. ते यंत्र वरचा थर वाचतं. डाक लागलेल्या जोडावर धरलं तर आकडा कमी येतो, आणि वर चांगला मुलामा असेल तर जास्त. म्हणून एकाच डागावर दोन-तीन ठिकाणी लावून दाखवायला सांगावं. मनात शंका उरली तर मानक ब्यूरोच्या मान्यतेच्या तपासणी केंद्रात सामान्य माणसालाही डाग तपासून मिळतो. चार डागांपर्यंत २०० रुपये लागतात, आणि अहवाल हातात घेऊन मग सराफाकडे जाता येतं. हॉलमार्क असूनही शुद्धता कमी निघाली, तर नियमाप्रमाणे कमी भरलेल्या सोन्याच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च गिऱ्हाइकाला मिळायला हवा.

ठुशीसारखे पोकळ, लाख भरलेले दागिने हा मोडीतला सगळ्यात भांडणाचा प्रकार. काट्यावर ३० ग्रॅम भरलेली ठुशी गाळल्यावर लाख जळून जाते आणि लगडीचं वजन बरंच कमी भरतं. दुकानदाराने काही काढून घेतलेलं नसतं, पण भट्टी मागच्या खोलीत असेल तर ते सिद्ध कसं करणार? म्हणून संहितेत हे दृश्य कॅमेरा न तोडता एकाच शॉटमध्ये घ्यायचं ठरलं आहे. काट्यावर ठुशी, मग मूस, मग लगड, मग पुन्हा तोच काटा. तेही सकाळी, दुकान उघडायच्या आधी. संध्याकाळी सराफ्यात भुट्ट्याच्या किसाच्या कढया लागायला लागल्या की बाहेरच्या गलक्यात दुकानदाराचा एक आकडा धड ऐकू येत नाही.

बायबॅकच्या अटी पेढी मधूनमधून बदलते. आज ३ टक्के कपात आहे, पुढच्या वर्षी ती ४ होऊ शकते, आणि जुना व्हिडिओ तोपर्यंत कोणाच्या तरी कुटुंबाच्या ग्रुपवर फिरत असतो. म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात तारीख कायम ठेवायची, आणि दुकानदाराच्या तोंडी एक वाक्य द्यायचं: ‘काकू, व्हिडिओतलं नाही, तुमच्या बिलाच्या मागे छापलेलं आहे ते धरायचं. छापलेलं नसेल तर लिहून, सही-शिक्का करून मागा, मगच पैसे द्या.’